परिचयातला विनोद: तुमचा कुठे रुजला, कुठे उलटला?

मातीवाली

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. वर्षातून आठ-दहा वेळा बोलायला बोलावणं येतं. कधी शेतकरी मेळावा, कधी शाळा, कधी गच्चीवर बाग करणाऱ्यांचा गट. आयोजक आधी एकच गोष्ट मागतात, "मॅडम, छोटासा परिचय पाठवून ठेवा." चार वर्षांपूर्वी मी एक परिचय लिहिला आणि सगळीकडे तोच पाठवायला लागले. त्याचा शेवट असा होता:

"पंधरा वर्षं माती तपासतेय. घरच्या कुंडीतली तुळस मात्र अजून जगवता आलेली नाही."

पुण्यातल्या एका बागप्रेमी गटात हे मी स्वतःच वाचलं होतं. सगळे मोकळेपणाने हसले, नंतर दोघी-तिघींनी तुळशीची रोपं आणून दिली. त्यामुळे ओळ चांगली आहे अशी माझी खात्री झाली.

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावात चोपण, म्हणजे पाणी न मुरणाऱ्या खराब जमिनींवर बोलायला गेले. समोर दोन-अडीचशे शेतकरी. व्यासपीठावर कृषी अधिकारी, साखर कारखान्याचे एक संचालक आणि बँकेचे शाखाधिकारी. सूत्रसंचालन गावातल्या शाळेचे गुरुजी करत होते. त्यांनी माझा परिचय अत्यंत आदराने, शब्दन् शब्द वाचला. फक्त "मी"चं "त्या" केलं. "मॅडम पंधरा वर्षं माती तपासत आहेत. घरच्या कुंडीतली तुळस मात्र त्यांना अजून जगवता आलेली नाही."

कुणीही हसलं नाही. दुसऱ्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "मग आमच्या उसाचं ह्या काय सांगणार?" ते मला व्यासपीठावर स्पष्ट ऐकू आलं.

पुढची चाळीस मिनिटं मी निचरा काढल्याशिवाय नुसतं जिप्सम टाकून का उपयोग होत नाही, हे सांगत होते. पण प्रत्येक प्रश्नात एकच सूर होता, "हे तुम्ही स्वतः कुठं करून बघितलंय का?" कार्यक्रमानंतर शाखाधिकाऱ्यांनी आयोजकांना बाजूला घेऊन विचारलं की, या प्रयोगशाळेच्याच ना, की एखाद्या खत कंपनीकडून आल्यात?

मला ते फार लागलं. त्या गावात पांढरी पडलेली शिवारं मी स्वतः पाहिली होती. माझं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचायला हवं होतं. चूक ओळीची होती, वाचणाऱ्याची की जागेची, हे अजून नीट कळलेलं नाही. तुम्हाला असा अनुभव आला असेल तर परिचयातली नेमकी ओळ आणि समोर कोण होतं, ते लिहा. ओळ चालली असेल तर तेही सांगा.

ध्वनिक्षेपक

ताई, मी ठाण्यात गेली बावीस वर्षं निवेदन करते. दोन-तीन हजार लोकांचे परिचय वाचले असतील. तुमच्या गुरुजींची काहीच चूक नाही. त्यांनी "मी"चं "त्या" केलं आणि त्या एका शब्दात ओळीचा अर्थ फिरला.

स्वतःबद्दल स्वतः बोललेली ओळ नम्रता असते. तीच ओळ दुसऱ्याने तुमच्याबद्दल म्हटली की टोमणा होतो. मराठीत हे फार चटकन होतं, कारण आदरार्थी बहुवचनात टोमणा मारायची आपल्याला सवयच आहे. एका गृहस्थांनी लिहून दिलं होतं, "मी बरा गातो, असा माझा समज आहे." मी वाचलं, "ते बरे गातात, असा त्यांचा समज आहे." वाचताना जीभ अडखळली. सभागृहात लोक हसले ते त्यांच्याबरोबर नव्हे, त्यांना हसले. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. तेव्हापासून परिचयात "समज आहे", "प्रयत्न करतात", "अजून जमलेलं नाही" असं काही दिसलं की मी फोन करून विचारते.

आता माझ्या बाजूने काय घडतं ते सांगते. परिचय बहुतेक वेळा आदल्या रात्री येतो. तीनशे शब्दांचा असतो. व्यासपीठावर पाच पाहुणे असतात आणि आयोजक म्हणतात, सगळे परिचय मिळून पाच मिनिटांत आटपा. मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द वाचते, त्याहून भरभर वाचलं तर मागच्यांना कळत नाही. म्हणजे तीनशेतले दोनशे शब्द जातात. ते जातात मधून. पदवी, हुद्दा राहतो आणि शेवटची ओळ राहते, कारण तिच्यानंतरच मला "मी त्यांना विनंती करते" म्हणायचं असतं. तुमची तुळस शेवटी होती, म्हणून ती वाचली जाणारच होती. आणि तुम्ही माइककडे चालत येत असताना लोकांच्या कानात तीच होती.

माझी एक पद्धत आहे, ती करून बघा. घरातल्या अशा माणसाला परिचय वाचायला द्या ज्याला त्यात काडीचा रस नाही. "मी"च्या जागी "त्या" घालून, रेशनच्या यादीतली नावं वाचावीत तसं सपाट वाचायला सांगा. ओळ हसू न येताही खरी आणि तुमचा मान राखणारी वाटली तर ठेवा. हसूच आलं नाही तर ओळीत मागे काय उरतं, तेवढंच पाहायचं. तुळशीच्या ओळीत मागे उरतं ते "यांना रोप जगवता येत नाही" एवढंच.

बिनधास्त_बार्शी

माझा अनुभव साधा आहे. स्वतःवर केलेला विनोद कधीच अंगलट येत नाही, दुसऱ्यावर केलेला येतो. मी माझ्या ढेरीवर एक ओळ लिहितो, आमच्या औषध विक्रेत्यांच्या बैठकीत दरवेळी हशा होतो. शेतकऱ्यांना कळलं नाही म्हणून एवढं मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळी ओळीपुढे हसरा चेहरा टाका, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की गंमत आहे.

भूलतज्ज्ञ

दादा, ढेरीची ओळ चालते कारण तुमची औषधं ढेरीवर अवलंबून नाहीत. माझं उदाहरण देतो. आम्ही डॉक्टर मंडळी दरवर्षी एक गाण्याचा कार्यक्रम करतो. तिथे माझा परिचय असतो, "लोकांना झोपवणं हा यांचा व्यवसाय, आज मात्र जागं ठेवायचं वचन दिलंय." गेली सहा वर्षं ही ओळ चालते आहे.

मी काम करतो त्या रुग्णालयाने संकेतस्थळासाठी परिचय मागितला तेव्हा घाईत तीच ओळ थोडी बदलून दिली. "लोकांना झोपवणं हा माझा व्यवसाय." दोनच महिन्यांत एक बाई आल्या. त्यांच्या वडिलांची दुसऱ्या दिवशी मोठी शस्त्रक्रिया होती. त्यांनी फोनवर ते पान उघडून माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "डॉक्टर, हे तुम्हीच का?" आवाजात राग नव्हता, भीती होती. माझ्या क्षेत्रात रुग्णाची सगळी भीती एकाच गोष्टीची असते, आपण परत उठू ना. नेमकी त्या जागी मी गंमत ठेवली होती.

त्या दिवशी त्यांच्याशी अर्धा तास बोललो आणि संध्याकाळीच ओळ काढायला लावली. म्हणून स्वतःवर की दुसऱ्यावर, एवढ्याने भागत नाही असं मला वाटतं. माणूस तुमच्यावर ज्या गोष्टीसाठी विश्वास टाकतो, विनोद तिच्यावर आहे का, ते पाहावं लागतं. मातीवाल्या ताईंकडे शेतकरी पीक जगवण्यासाठी येतात आणि त्यांची ओळ रोप मेल्याची होती.

हसऱ्या चेहऱ्याबद्दल: निवेदक तो वाचू शकत नाही, दादा.

सोयरीक

धागा उशिरा पाहिला. आमच्या भाच्याच्या बायोडाट्याबाबत असंच झालं म्हणून लिहिते. त्याने "अपेक्षा" या रकान्यात लिहिलं, "मिसळीला तर्री मागणारी असावी, बाकी जमवून घेऊ." मुलींना हे आवडायचं, दोघींनी तर त्यावरूनच बोलणं सुरू केलं. पण कागद आधी जातो आईवडिलांच्या, मामांच्या हातात. एका घरातून मध्यस्थांकडे निरोप आला, "मुलगा गंभीर दिसत नाही." दुसऱ्यांनी विचारलं, म्हणजे शिक्षण, नोकरी अशी काही अपेक्षाच नाही का? शेवटी आम्ही दोन कागद केले. मंडळात आणि नातेवाइकांना साधा, मुलीशी बोलणं सुरू झालं की मुलगा स्वतः दुसरा पाठवतो. तुमच्याकडे व्याख्यानाचा परिचय चाललाय हे आत्ता वर नीट वाचल्यावर कळलं, पण अनुभव जुळतो म्हणून राहू देते.

ध्वनिक्षेपक

सोयरीक ताई, अगदी जुळतो. कागद आधी कुणाच्या हातात पडतो हे तुम्ही नेमकं पकडलंत.

टिपणीकार

मी मंत्रालयात कक्ष अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. समित्यांवर तज्ज्ञ नेमताना त्यांचे परिचय आमच्याकडे यायचे, म्हणून पलीकडच्या टेबलावरची बाजू सांगतो.

तज्ज्ञाने पाठवलेला परिचय कुणी आवडीने वाचत नाही. कक्षात त्यातून चार ओळी उचलून टिपणी तयार होते. अमुक विषयात पीएच.डी., इतका अनुभव, यापूर्वी या समितीवर सदस्य. मूळ परिचय मागे जोडला जातो आणि नस्ती, म्हणजे फाइल, अवर सचिव, उपसचिव, मग त्याहून वर जाते. म्हणजे गमतीची ओळ चार-पाच अशा माणसांसमोर जाते ज्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही आणि ज्यांचं काम शंका काढण्याचं आहे. एकदा जलसंधारणाच्या एका जाणकार गृहस्थांनी शेवटी लिहिलं होतं, "सरकारी बैठकांत जागं राहण्याचा दांडगा अनुभव." माणूस फार चांगला, कामाचा. नस्ती परत आली तेव्हा त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती, शेरा काहीच नव्हता. त्यांचं नाव पुढच्या यादीत गेलं. त्या ओळीमुळेच गेलं असं मी म्हणणार नाही, नावं मागेपुढे होण्याची कारणं पुष्कळ असतात. पण रेघ मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट. नस्तीतला कागद राहतो. तीन वर्षांनी वेगळ्या विषयासाठी तेच नाव निघालं की तोच परिचय पुन्हा वर येतो. बोललेला विनोद त्या दुपारी संपतो, लिहिलेला संपत नाही. म्हणून सरकारी कामासाठी परिचय मागितला तर त्यात फक्त तपासता येईल तेवढंच लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पंचगंगाकाठ

काका, लिहिलेला विनोद संपत नाही हे मी भोगलं आहे. मी निसर्गछायाचित्रं काढतो. माझ्या परिचयात एक ओळ होती, "पावसाळा हा त्यांचा जीव की प्राण, पाणी दारात आलं तरी आधी कॅमेरा उचलतील." ती मी 2017 साली लिहिली. सपाट वाचनात ती पास झाली असती, कामावरच्या विश्वासाला धक्का देणारीही नव्हती.

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. सप्टेंबरमध्ये इथल्या एका संस्थेने पूरग्रस्तांच्या मदतीसाठी छायाचित्रांचं प्रदर्शन ठेवलं. त्यांच्याकडे माझा जुना परिचय होता, त्यांनी मला न विचारता तोच वाचला. समोर शिरोळकडची कुटुंबं बसलेली, ज्यांच्या घरात छतापर्यंत पाणी गेलं होतं. मी स्वतः पुराच्या दिवसांत कॅमेरा बाजूला ठेवून नावेवर होतो, पण ते तिथे कोण कुणाला सांगणार? एक बाई उठून बाहेर गेल्या. मी भाषण न करता माफी मागितली आणि खाली बसलो.

आता मी परिचयाच्या शेवटी महिना आणि साल घालतो, आणि "हा परिचय या कार्यक्रमापुरता" असंही लिहितो. तरी जुने कागद फिरतातच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी स्वतः फोन करून विचारतो की कोणता परिचय वाचणार आहात, आणि पहिली व शेवटची ओळ त्यांच्याकडून वाचून घेतो.

स्मरणिका

मी एका व्यावसायिक संघटनेच्या वार्षिक स्मरणिकेचं संपादन करतो. ध्वनिक्षेपक ताईंचं मधून कापण्याचं ऐकून नवल वाटलं, कारण छापताना आम्ही बरोबर उलटं करतो. जागा कमी पडली की खालून कापतो. त्यामुळे मी लेखकांना सांगतो, हलकी ओळ असेल तर सर्वांत शेवटी टाका. कापली तरी वाक्य तुटत नाही आणि बाकीचा मजकूर धड राहतो. मधे टाकली तर मागचापुढचा संबंध जातो.

एक मात्र सांगतो. छापील पानावर तो विनोद इतरांच्या शेजारी बसतो. डावीकडे कुलगुरू, उजवीकडे निवृत्त न्यायमूर्ती, आणि मधे एकच जण "चहाचा भक्त". त्या चहात काही वाईट नाही, पण बाकी कुणीच तसं लिहिलेलं नसतं आणि नजर तिथेच अडते. मागच्या वर्षीचा अंक मागवून इतरांचे परिचय कसे आहेत ते पाहिलं तर हे आधीच कळतं.

ध्वनिक्षेपक

छापायला शेवटी ठीक. बोलायच्या परिचयात शेवटून दुसरी जागा बरी, म्हणजे शेवटी हुद्दा किंवा आजचा विषय येतो आणि माणूस त्या शब्दांवर उभा राहतो. पण तोच कागद दोन्हीकडे जाणार असेल तर काय करावं, याला माझ्याकडे उत्तर नाही.

वकिली

आमच्याकडे हा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला 36 वा नियम वकिलाला जाहिरात करू देत नाही. 2008 च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर माहिती देता येते, पण ठरलेलीच: नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक आणि तारीख, शिक्षण, कामाचं क्षेत्र. "तारखा मिळवण्यात हातखंडा" असं माझ्या एका कनिष्ठाने स्वतःच्या पानावर गमतीने लिहिलं होतं. मी त्याला दोन गोष्टी दाखवल्या. पक्षकार हे वाचून म्हणेल की माझा खटला हाच लांबवतोय. आणि समोरचा वकील याचा छापील कागद काढून ठेवेल, मग हा खऱ्या कारणासाठी तारीख मागेल त्या दिवशी तो पुढे करेल. त्याने त्याच दिवशी काढलं. वकील संघाच्या क्रिकेट सामन्यात हीच ओळ वाचा, कुणाची हरकत नाही.

आकडेवाली

मी संख्याशास्त्र शिकवते. माझ्या परिचयात असायचं, "दोन मुलांची आई, उरलेल्या वेळात संख्याशास्त्र." विद्यार्थ्यांना आवडायचं. पालकसभेत तर फारच. मग एका विद्यापीठात वरच्या पदासाठी मुलाखतीला गेले. अर्जासोबत संशोधनाची माहिती होती, आणि विभागाच्या पानावरचा हा परिचय समितीतल्या एकांनी आधीच वाचला होता. पहिला प्रश्न आला, "उरलेल्या वेळात म्हणजे नेमका किती वेळ देऊ शकाल?" ते हसत विचारत होते. मला उत्तर देता आलं, पण पुढचा अर्धा तास माझ्या अठरा शोधनिबंधांऐवजी माझ्या वेळेवर गेला.

माझ्या शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या परिचयात "मुलींचा लाडका बाबा, सुट्टीत पोळ्या करतो" असं आहे. त्याला कधीच कुणी वेळ विचारलेला नाही. उलट, माणूस किती साधा आहे बघा, असं म्हणतात. एकच गंमत दोघांना वेगळी पडते. मी ओळ काढून टाकली आहे, पण काढताना राग आला होता आणि अजून आहे. अशा ओळी आपण काढत राहिलो तर आई असलेली प्राध्यापिका कुणाच्या परिचयात दिसणारच नाही. इथल्या बाकीच्या बायकांना काय वाटतं?

सोयरीक

मी ठेवली असती.

ध्वनिक्षेपक

मी मुलाखतीपुरती काढली असती आणि विभागाच्या पानावर ठेवली असती, फक्त "उरलेल्या वेळात" हे दोन शब्द बदलून. खटकतं ते आईपण नव्हे, संख्याशास्त्र उरलेल्या वेळात टाकणं. "घरी दोन मुलं, विद्यापीठात साठ" असं काही. पण तुमचा राग बरोबर आहे, त्याला माझ्या या शब्दांनी उत्तर मिळत नाही.

नोकरीशोध_नाशिक

लिंक्डइनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे नावाखालच्या ओळीला 220 अक्षरं मिळतात. मी त्यात लिहिलं होतं, "एक्सेलशी सुखाचा संसार." माझ्या ध्यानात आलं नव्हतं की ही ओळ फक्त माझ्या पानावर राहत नाही, मी कुठेही प्रतिक्रिया दिली की नावाखाली तीच दिसते. आमच्या जुन्या साहेबांच्या पत्नी गेल्या. त्यांनी तिथे लिहिलं होतं, त्याखाली मी मनापासून चार ओळी लिहिल्या. मग पाहिलं तर माझं नाव, त्याखाली "सुखाचा संसार", आणि त्याखाली सांत्वन. तडक ओळ बदलली, पण तोवर किती जणांनी पाहिलं कुणास ठाऊक.

आता नावाखाली फक्त काम लिहितो, कारण नोकरी देणारे हुद्द्याच्या शब्दांनीच शोधतात. गमतीची ओळ खालच्या सविस्तर परिचयात, शेवटच्या परिच्छेदात गेली आहे. तिथपर्यंत जो पोचतो तो आपल्याला वाचायलाच आलेला असतो.

म्युनिककर

आमच्या कंपनीने जर्मन ग्राहकाला कोटेशन देताना सगळ्या चमूचे परिचय जोडले. माझ्यात होतं, "वेळेवर पोहोचण्याचा सराव अजून चालू आहे." पुण्याच्या कार्यालयात हे सगळ्यांना आवडलं होतं. ग्राहकाच्या खरेदी विभागाने बैठकीत विचारलं की पोहोच तारखेबद्दल काही अडचण आहे का. ते खरोखर विचारत होते. इथले लोक हसत नाहीत असं मुळीच नाही, जेवताना भरपूर हसतात. पण कोटेशनला जोडलेला कागद त्यांच्या लेखी कराराचा भाग असतो.

द्राक्षबाग

मी तासगावकडचा शेतकरी, तुमच्या त्या सभेला नव्हतो, पण अशा सभांना जातो. मॅडम, आमच्या लोकांना विनोद कळत नाही असं वर एकाने लिहिलंय ते बरोबर नाही. आम्ही सगळ्यात जास्त हसतो ते शेतकऱ्याच्याच फजितीवर. पण आमच्यात फजिती सांगताना कारण सांगतात. "पहिल्या वर्षी मी चुनखडीच्या रानात बाग धरली, पानं पिवळी पडली, तेव्हा कळलं की आधी माती तपासायला पाहिजे होती." असं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास जास्त बसतो, कारण तो ठेच खाऊन शिकलाय. तुमची तुळस नुसतीच मेली, का मेली ते सांगितलंच नाही. का मेली हो? पाणी जास्त झालं असेल.

मातीवाली

दादा, बरोबर ओळखलंत. कुंडीला खाली भोक नव्हतं, पाणी साचून मुळं कुजली. आणि मी त्या गावात चाळीस मिनिटं निचऱ्यावरच बोलत होते. तुमचं वाचलं तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती तुळस परिचयात नको होती, भाषणात हवी होती, माझ्या तोंडून.

गेल्या पंधरवड्यात वाळवा भागात पुन्हा बोलावणं आलं. वरच्या सगळ्यांचं वाचून असं केलं. परिचय ऐंशी शब्दांचा, सुरुवातीपासूनच "त्या" असा लिहिलेला, म्हणजे वाचणाऱ्याला काही बदलायला नको. शेवटची ओळ आजच्या विषयाची. तिच्या आधी ही एक:

"सहलीला गेल्या तरी येताना मातीच्या पिशव्या घेऊन येतात, अशी घरच्यांची तक्रार आहे."

ही खरी आहे. नमुन्याला अर्धा किलो माती लागते आणि चार ठिकाणची घेतली की बॅगेत कपड्यांना जागा उरत नाही. माझ्या दहावीतल्या मुलाने मोबाईलवरची नजर न काढता ती वाचली, तेव्हाही ती धड राहिली. मग आदल्या दिवशी फोन करून पहिली आणि शेवटची ओळ आयोजकांकडून ऐकून घेतली.

सभेत निवेदकाने ती वाचली. फार कुणी हसलं नाही, पुढच्या रांगेतले दोघे जरा हसले. बँकेच्या साहेबांचा चेहरा होता तसाच राहिला. मग मी उभी राहिले आणि बोलणं तुळशीपासून सुरू केलं: कुंडी, न पाडलेलं भोक, साचलेलं पाणी, कुजलेली मुळं. तिथून सरळ त्यांच्या उसाच्या रानात आले. या वेळी लोक हसलेही, आणि पहिला प्रश्न आला तो भूमिगत निचऱ्याच्या पाइपांत किती अंतर ठेवायचं हा. अंतर मातीच्या पोतावर ठरतं, भारी काळ्या रानात जवळ, हलक्यात लांब, म्हणून आधी नमुना द्या असं सांगितलं. सभा संपल्यावर अकरा जण पिशव्यांबद्दल विचारायला थांबले.

एक शंका राहिलीच. पुढच्या महिन्यात विद्यापीठाचा परिसंवाद आहे, तिथे परिचय इंग्रजीत आणि छापील हवाय. सहलीची ओळ तिथे ठेवावी का? टिपणीकार काकांच्या हिशेबाने नको. स्मरणिका यांच्या हिशेबाने शेवटी चालेल.

टिपणीकार

नकोच. मागच्या वर्षीचा त्यांचा अंक मागवलात का?

मातीवाली

मागवलाय, उद्या येतोय.

बिनधास्त_बार्शी

मी इंग्रजीतही ठेवली असती. बाकी भूलतज्ज्ञ डॉक्टरांचं पटलं. माझ्या परिचयात ढेरीच्या वर अजून एक ओळ आहे, "औषधं विकतो, पण स्वतः कधी घेत नाही." आज ती पहिल्यांदा बायकोकडून सपाट वाचून घेतली. काढतोय.